नापसंत माल, साठा आणि देणे : परतावा चिठ्ठीच्या वाचनाचा आढावा

प्रश्नाची चौकट

हातोद हे इंदूर जिल्ह्यातील तहसिलीचे ठिकाण माळव्याच्या सोयाबीन, गहू आणि बटाट्याच्या पट्ट्यात येते, आणि शेव-नमकीनसाठी प्रसिद्ध असलेली इंदूरची बाजारपेठ त्याला लागूनच आहे. अशा परिसरातील फराळाच्या छोट्या कारखान्याला बेसन, तेल, मसाला यांच्याबरोबर छापील पाकिटांची फिल्मही विकत घ्यावी लागते, आणि आलेल्या मालातला काही भाग कधी वजनात कमी भरतो, कधी तपासणीत नापसंत ठरतो, तर कधी थेट पॅकिंग मशीनवर चढल्यावर त्याचा दोष उघड होतो. या प्रत्येक प्रसंगी कोठीत एक चिठ्ठी फाडली जाते. आलेला माल अटींप्रमाणे नाही असे तपासणाऱ्याने लिहून दिलेली ती नापसंती चिठ्ठी, जिला व्यवहारात सर्रास रिजेक्शन स्लिप म्हणतात, आणि तोच माल फाटकाबाहेर पडून पुरवठादाराकडे निघाला असे सांगणारी ती परतावा चिठ्ठी. या दोन चिठ्ठ्या वाचून साठ्याची नोंद किती कमी करायची आणि पुरवठादाराला द्यायची रक्कम किती घटवायची, एवढाच या लेखाचा विषय आहे.

हा विषय वरवर पाहता कारकुनी वजाबाकीचा वाटतो, तरी साठा आणि देणे या दोन गोष्टी एकाच चिठ्ठीने, पण वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या कारणांनी आणि कधी वेगवेगळ्या आकड्यांनी बदलतात. चिठ्ठी एक आणि तिची वाचने दोन, या स्थितीतूनच पुढील सर्व मतभेद निघाले आहेत.

कायद्याची पार्श्वभूमी

मालाच्या नापसंतीचा पाया १९३० च्या माल विक्री कायद्यात आहे. त्याच्या कलम ४१ प्रमाणे, ज्या खरेदीदाराने माल आधी पाहिलेला नाही त्याला तो तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत माल स्वीकारला असे मानले जात नाही. कलम ४२ मध्ये स्वीकृती तीन प्रकारे ठरते: खरेदीदाराने तसे कळवले तर, माल आपलाच असल्यासारखा वापरला तर, किंवा वाजवी मुदत उलटूनही नापसंती न कळवता माल ठेवून घेतला तर. कलम ४३ हिशेबाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण वेगळा करार नसेल तर नापसंत माल परत पोचवण्याची जबाबदारी खरेदीदारावर नाही आणि नकार कळवला की पुरेसे होते, असे ते सांगते. म्हणजे नापसंती चिठ्ठी पुरवठादाराला पोचली की कोपऱ्यात पडून असलेला माल खरेदीदाराचा साठा राहत नाही, मग परतावा चिठ्ठी महिन्याने फाटो की कधीच न फाटो.

या जुन्या पायावर पुढे दोन थर चढले. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने लहान पुरवठादाराला पैसे देण्याची मुदत बांधली आणि १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराने देणे कमी करण्याला करकपातीचे कागद जोडले. पूर्वी नापसंती ही दोन पक्षांतली बाब होती, आता तिसरा पक्ष म्हणून कर खातेही त्याच चिठ्ठीकडे पाहते. हिशेबाची संगणकप्रणाली वापरणाऱ्या छोट्या कारखान्यांत बहुधा टॅली असते, आणि तिथे हे थर वेगवेगळ्या नोंदींच्या रूपाने समोर येतात: माल आला की `Receipt Note`, परत गेला की `Rejections Out`, आणि रक्कम कमी करायची की `Debit Note`. यातील पहिल्या दोन नोंदी फक्त नगांच्या आणि वजनाच्या आहेत, तिसरी पैशाची.

एका मालाचे उदाहरण

पुढील मतभेद समजण्यासाठी एक रचलेले उदाहरण शेवटपर्यंत हाताशी ठेवणे सोयीचे होईल. समजा, हातोदजवळच्या एका नमकीन कारखान्याने मध्य प्रदेशातल्याच एका लघु पुरवठादाराकडून छापील फिल्मचे ३० रोल मागवले. मागणीपत्रात दर किलोला २२० रुपये असून वजन निव्वळ धरायचे, म्हणजे ज्या पुठ्ठ्याच्या नळीवर फिल्म गुंडाळलेली असते ती नळी वगळून, असे लिहिले आहे. ३ जूनचे बिल ६०० किलोचे आहे: मालाचे १,३२,००० रुपये, त्यावर १८ टक्के दराने २३,७६० रुपये कर आणि एकूण १,५५,७६०.

माल ४ जूनला येतो आणि काट्यावर प्रत्येक रोल २० किलोचाच भरतो, पण त्यात २०० ग्रॅमची नळी आहे. पुरवठादाराने नळीसकट वजन लावले आहे, म्हणून खरी फिल्म ५९४ किलो ठरते आणि आवक चिठ्ठीवर ६ किलोची तूट लिहिली जाते. ६ जूनला तपासणीत तीन रोलांवरची छपाई सरकलेली आढळते: एका रंगाचा ठसा दुसऱ्यापासून बाजूला पडल्याने अक्षरांना सावली आली आहे. तपासनीस नापसंती चिठ्ठी फाडतो आणि तिच्यावर लिहितो, "३ रोल, ६० किलो, रंग सरकले."

चिठ्ठी वाचण्याचे कौशल्य या साठ किलोंतच दिसते. काट्यावर तीन रोल ठेवले की काटा ६० दाखवतो, म्हणून तपासनिसाने लिहिले त्यात खोटे काही नाही. पण साठ्यात हे तीन रोल नळी वगळून, म्हणजे ५९.४ किलो म्हणून जमा झाले आहेत. हिशेबनिसाने चिठ्ठीवरचा आकडा तसाच उचलला तर साठ्यात ५३४ किलो उरतील आणि कोठीत ५३४.६ किलो असतील, शिवाय पुरवठादाराच्या रकमेतून ०.६ किलोचे १३२ रुपये आणि त्यावरचा कर दुसऱ्यांदा कापला जाईल, कारण ती नळी आधीच्या तुटीत मोजून झालेली आहे. फरक लहान आहे, मात्र दर खेपेला तो एकाच दिशेने पडत राहतो. वर्षाअखेरच्या मोजणीत एखाद्या मालाचा साठा वहीपेक्षा सतत थोडा जास्त निघत असेल, तर चोरीच्या उलट असलेल्या या फरकाचे कारण बहुधा अशा एखाद्या मापाच्या घोळात सापडते. म्हणून चिठ्ठीवर प्रथम एकक आणि मापाची पद्धत पाहावी, मग आकडा.

बरोबर वाचन असे होते: तूट ६ किलो आणि नापसंत ५९.४ किलो मिळून ६५.४ किलोचे १४,३८८ रुपये, त्यावरचा कर २,५८९.८४ आणि एकूण कपात १६,९७७.८४ रुपये. देय रक्कम १,३८,७८२.१६ राहते. पडताळा उलट बाजूने घेता येतो, कारण स्वीकारलेल्या ५३४.६ किलोंची किंमत करासह काढली तरी हीच रक्कम यायला हवी, आणि ती येते. इथे हेही ध्यानात घ्यावे की तूट आणि नापसंती यांचा पैशावरचा परिणाम सारखा असला तरी साठ्यावरचा सारखा नाही. तुटीचा माल मुळात आलाच नाही, म्हणून त्याचा परतावा होऊच शकत नाही, तर नापसंत माल आलेला असतो आणि कोठेतरी ठेवावाच लागतो. दोन्हींसाठी एकच छापील नमुना वापरणाऱ्या कारखान्यांत कधीच न आलेल्या सहा किलोंचाही फाटकातून परतावा दाखवला गेलेला दिसतो.

साठ्यात जमा केव्हा करावे

पहिला खरा मतभेद हा की फाटकातून आत आलेला माल लगेच साठ्यात धरावा की तपासणी पार पडल्यावर.

एका मताप्रमाणे स्वीकृतीआधी साठा नाही. आवक चिठ्ठी केवळ ताबा सांगते, माल तपासणीच्या राखीव जागेत राहतो आणि ५३४.६ किलो पसंत ठरल्यावर तेवढेच जमा होतात. मोठ्या कारखान्यांच्या संगणकप्रणालींत याची सोय आधीपासून असते. उदाहरणार्थ, एसएपी प्रणालीत माल रोखलेल्या साठ्यात घेण्याची हालचाल `103` या क्रमांकाने, तेथून सोडवून घेण्याची `105` ने आणि रोखलेल्या मालातून परत पाठवण्याची `124` ने नोंदली जाते. या मताचे बळ कलम ४१ आणि ४२ मध्ये आहे, आणि त्याचा व्यावहारिक लाभ असा की नापसंत रोल चुकून उत्पादनासाठी दिला जाण्याची शक्यता वहीतच बंद होते.

दुसऱ्या मताचे लोक छोट्या कारखान्याची घडी पुढे करतात. तिथे तपासणी म्हणून वेगळी खोली नसते, मशीन थांबलेले असते आणि रोल आला त्याच दिवशी चढवला जातो. माल आल्याबरोबर पूर्ण जमा करावा आणि नापसंती झाली की वजा करावा, नाहीतर वापर आधी आणि आवक नंतर अशी उलटी नोंद होऊन साठा ऋण दिसू लागतो, असे ते म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. मात्र या पद्धतीत महिनाअखेरीला अजून न तपासलेला किंवा नापसंत ठरूनही पडून असलेला माल स्वतःचा साठा म्हणून मोजला जातो, आणि समोर पुरवठादाराचे पूर्ण बिल देणे म्हणून उभे असल्याने ताळेबंदाच्या दोन्ही बाजू सारख्याच फुगतात. बेरीज जुळत असल्यामुळे ही चूक कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

प्रस्तुत आढाव्याचा कल पहिल्या मताकडे आहे, पण एका बदलासह. छोट्या कारखान्याला पूर्ण राखीव साठ्याची यंत्रणा न उभारता टॅलीत "नापसंत माल" नावाचे एक वेगळे कोठार उघडणे पुरते. नापसंती चिठ्ठी आली की नगांची नोंद मुख्य कोठारातून तिथे हलवायची आणि परतावा चिठ्ठी आली की तिथून बाहेर काढायची. त्या कोठारात उरलेला प्रत्येक किलो म्हणजे कळवलेली, पण अजून न निपटलेली नापसंती असे सरळ वाचता येते.

कोणत्या दराने वजा करावे

परत जाणारा माल पुरवठादाराच्या खात्यातून बिलाच्या दरानेच कमी होतो, यावर दुमत नाही. साठ्याच्या किमतीतून तो कोणत्या दराने कमी करावा, यावर मात्र आहे. भारतीय सनदी लेखापाल संस्थेचे साठ्याविषयीचे लेखा मानक २ आधी आलेला माल आधी गेला असे धरण्याची किंवा भारित सरासरीची पद्धत मान्य करते. भारित सरासरी म्हणजे हाताशी असलेल्या सर्व मालाची एकूण किंमत भागिले एकूण वजन. पण परताव्यासाठी वेगळा दर ते सांगत नाही.

उदाहरणातल्या कारखान्यात आधीची ४०० किलो फिल्म २०० रुपये दराने पडून होती असे धरू. नवे ५९४ किलो २२० ने आल्यावर साठा ९९४ किलोंचा, किंमत २,१०,६८० रुपये आणि सरासरी दर २११.९५ होतो. परतीचे ५९.४ किलो बिलाच्या दराने काढले तर १३,०६८ रुपये कमी होतात आणि राहिलेल्या मालाची सरासरी २११.४४ वर येते. माल तपासणीनंतरच जमा करणाऱ्या पद्धतीतही नेमका हाच आकडा येतो, आणि बिलाच्या दराच्या बाजूने हा सर्वांत भक्कम युक्तिवाद आहे, कारण जो माल कधी स्वीकारलाच नाही त्याचा मागे काही माग राहू नये. सरासरी दराने काढले तर साठ्यातून १२,५९० रुपये जातात, पुरवठादाराकडून १३,०६८ वसूल होतात आणि मधले ४७८ रुपये खरेदीतील फरक म्हणून वेगळे दाखवावे लागतात. जो मालाच्या दर्जाचा प्रश्न होता त्यातून कारण नसताना नफा उमटतो.

तरीही सरासरीचा पक्ष निराधार नाही. माल येणे आणि परतावा यांच्या मध्ये बराच वापर झाला तर बिलाच्या दराचे तोटे दिसतात. वरच्या ९९४ किलोंपैकी ९०० किलो सरासरी दराने वापरून झाले आणि नंतर ५९.४ किलो २२० ने परत गेले, तर उरलेल्या ३४.६ किलोंची किंमत ६,८५५ रुपयांच्या आसपास राहते, म्हणजे किलोला सुमारे १९८ रुपये. कारखान्याने २०० पेक्षा कमी दराने फिल्म कधीच घेतलेली नाही, तरी वही १९८ दाखवते. परताव्याचा भार अशा वेळी थोड्या शिलकीवर एकवटतो, आणि उशिरा आलेली एखादी मोठी परतावा चिठ्ठी शिलकीचा दर शून्याखालीही नेऊ शकते. साठ्याच्या यादीत एखाद्या मालाचा सरासरी दर त्याच्या कोणत्याही खरेदी दरापेक्षा कमी दिसला, तर त्या महिन्यातल्या परतावा चिठ्ठ्यांच्या तारखा प्रथम पाहाव्यात. लवकर झालेल्या नापसंतीला बिलाचा दर लावावा आणि उशिराच्या नापसंतीत फरक खर्चात दाखवावा असा मध्यम मार्ग काही लेखापाल घेतात, पण "लवकर" म्हणजे किती, याची सर्वमान्य रेघ कोणी ओढलेली नाही.

बिल कोणी आणि कोणत्या कागदाने कमी करावे

देय रकमेच्या बाजूला गोंधळाचे मूळ एका शब्दात आहे. खरेदीदार नापसंत मालाबद्दल पुरवठादाराच्या नावे डेबिट नोट काढतो, म्हणजे तुमच्या खात्याला एवढी रक्कम नावे टाकली असे कळवतो, आणि त्याच्या हिशेबापुरते ते पूर्ण बरोबर आहे. पण वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३४ मध्ये डेबिट आणि क्रेडिट या दोन्ही नोटा पुरवठादारानेच काढायच्या आहेत: माल परत आला किंवा किंमत जास्त लागली तर क्रेडिट नोट, किंमत कमी लागली होती तर डेबिट नोट. त्यामुळे खरेदीदाराची डेबिट नोट ही करकपात घडवणारा कागद नव्हे, ती फक्त मागणी आहे. तिच्यावरून पुरवठादाराने क्रेडिट नोट काढली तरच त्याचा कर कमी होतो आणि तेवढीच खरेदीदाराची करवजावट मागे जाते.

या दोन कागदांच्या दुहेरी वाचनातून सर्वांत महाग चूक होते. कारखाना ७ जूनला डेबिट नोटेने १६,९७७.८४ रुपये कमी करतो, महिन्याने पुरवठादाराची त्याच रकमेची क्रेडिट नोट येते आणि दुसरा कर्मचारी तीही स्वतंत्र कपात म्हणून नोंदवतो. टॅलीत आणखी एक सापळा आहे: माल `Rejections Out` ने बाहेर काढल्यावर त्याच मालाची वजनासह `Debit Note` करताना आधीच्या नोंदीचा माग क्रमांक जोडला नाही, तर रक्कम एकदाच कापली जाते पण साठा दोनदा घटतो. पहिली चूक पुरवठादाराच्या खात्याच्या उताऱ्याशी ताळा घेताना सापडते, आणि दुसरी `Purchase Bills Pending` या यादीत माल आणि बिल यांची जोडी न लागलेल्या ओळीच्या रूपाने दिसते. दोन्हींवर जुना उपाय अजून सर्वांत चांगला ठरतो: नापसंती चिठ्ठीचा क्रमांक आवक चिठ्ठीवर, बिलावर, डेबिट नोटेवर आणि आलेल्या क्रेडिट नोटेवर हाताने लिहायचा, आणि ज्या क्रेडिट नोटेवर क्रमांक लिहिता येत नाही ती नोंदवायचीच नाही.

दुसरे मत असे की खरेदीदाराने परतावा स्वतःच्या कर बिलाने, म्हणजे नव्या विक्रीसारखा दाखवावा. मुदत संपलेल्या औषधांबाबत २६ ऑक्टोबर २०१८ च्या ७२/४६/२०१८ या परिपत्रकाने केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने हे दोन्ही मार्ग खुले ठेवले: कर बिलावर परतावा, किंवा डिलिव्हरी चलनावर माल आणि पुरवठादाराची क्रेडिट नोट. इतर कारणांनी परत होणाऱ्या मालालाही हेच लागू असल्याचे त्यातच सांगितले. कर बिलाचा मार्ग निवडणाऱ्यांना क्रेडिट नोटेची मुदत सांभाळावी लागत नाही. ती मुदत पुरवठ्याच्या आर्थिक वर्षानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा त्याआधी वार्षिक विवरण भरले तर तोपर्यंत असते. या मार्गाचा तोटा म्हणजे नापसंत माल कारखान्याच्या विक्रीत मोजला जातो, आणि विक्रीचे आकडे कर्जासाठी बँकेला दाखवणाऱ्या छोट्या उद्योगाला हा फुगवटा नंतर समजावून सांगावा लागतो. नेहमीच्या नापसंतीसाठी क्रेडिट नोटेचा मार्ग अधिक स्वच्छ आहे, असेच म्हणावे लागते.

ऑक्टोबर २०२४ पासून कर संकेतस्थळावर सुरू झालेल्या `IMS` या सोयीत खरेदीदाराला आलेली प्रत्येक क्रेडिट नोट स्वीकारता किंवा नाकारता येते. तसेच २०२५ च्या वित्त कायद्याने, खरेदीदाराने घेतलेली करवजावट मागे घेतल्याशिवाय पुरवठादाराला कर कमी करता येऊ नये, अशी दुरुस्ती कलम ३४ मध्ये केली. कोठीतल्या नापसंती चिठ्ठीशी न ताडता महिनाअखेरीला सर्व क्रेडिट नोटा एकदम स्वीकारण्याची सवय त्यामुळे आता महाग पडू शकते. उलट बाजूला, पुरवठादार क्रेडिट नोट देतच नसेल आणि खरेदीदाराने रक्कम रोखून धरली असेल, तर बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांनी न दिलेल्या रकमेवरची २,५८९.८४ रुपयांची करवजावट व्याजासह मागे घ्यावी लागते. म्हणजे वाद पुरवठादाराशी असला तरी त्याची घटिका कर खात्याकडे चालू असते.

मुदतीचा प्रश्न

उदाहरणातला माल आणखी एकदा पाहावा लागतो. २० जूनला मशीनवर चढलेल्या एका रोलची पाकिटे सीलवर सुटू लागतात, कारण फिल्मचे थर एकमेकांना नीट चिकटलेले नाहीत. हा दोष मशीनच्या उष्णतेखाली दाबल्याशिवाय दिसत नाही. त्या रोलच्या १९.८ किलोंपैकी ५ किलो वापरून झालेले आहेत. परतावा चिठ्ठी १४.८ किलोंचीच निघू शकते, ज्याचे करासह ३,८४२.०८ रुपये होतात. वापरलेले ५ किलो साठ्यातून आधीच गेलेले आहेत, म्हणून त्यांच्याबद्दल साठ्याला हात लावायचा नाही. माल विक्री कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे त्यांची किंमत कमी करून मागता येते, पण ती पैशाची मागणी आहे. फुटलेल्या पाकिटांतल्या शेवेची किंमत तर त्याहून वेगळी, कारण ती फिल्मच्या किमतीतली घट नसून नुकसानभरपाई आहे. या तीन रकमा एकाच चिठ्ठीवर "एक रोल, २० किलो, सील सुटते" एवढ्या शब्दांत मावलेल्या असतात, आणि त्या वेगळ्या काढणे हे हिशेबनिसाचे काम आहे.

अडचण तारखेची आहे. २००६ च्या कायद्याप्रमाणे मालाबद्दलची हरकत पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी कळवली, तर ती हरकत पुरवठादाराने दूर केल्याचा दिवस हा स्वीकृतीचा दिवस ठरतो. तशी हरकत नसेल तर माल पोचलेला दिवसच स्वीकृतीचा मानला जातो आणि करारात काहीही लिहिले असले तरी ४५ दिवसांपलीकडे देणे लांबवता येत नाही. ६ जूनची हरकत मुदतीत आहे, २० जूनची सोळाव्या दिवशीची आहे. ४५ दिवस उलटल्यावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज लागते. आयकर कायद्यात करनिर्धारण वर्ष २०२४-२५ पासून आलेल्या तरतुदीप्रमाणे तर सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे मुदतीबाहेर थकलेले देणे प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच खर्च म्हणून वजा मिळते.

एका बाजूचे म्हणणे असे की पंधरा दिवस उलटल्यावर बिलाची रक्कम पूर्ण देऊन मग भरपाई मागावी, कारण मुदतीचा हेतूच लहान पुरवठादाराचे पैसे उशिरा काढलेल्या दोषांच्या नावाखाली अडकू नयेत हा आहे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की ती मुदत फक्त देण्याचा दिवस ठरवते, माल विक्री कायद्यातला किंमत कमी करून मागण्याचा हक्क ती काढून घेत नाही, म्हणून १४.८ किलोंची रक्कम कापून बाकीची वेळेत दिली तर त्यात गैर नाही. दोन्ही वाचनांना कायद्याच्या शब्दांत आधार सापडतो. व्यवहारात शहाणपणाचे हे की वाद नसलेली रक्कम ४ जूनपासून ४५ दिवसांत, म्हणजे १९ जुलैपर्यंत देऊन टाकावी, आणि छुप्या दोषांची मुदत वेगळी ठरवून ती मागणीपत्रातच लिहावी.

अनिर्णित राहिलेले मुद्दे

छापील फिल्मच्या बाबतीत एक प्रश्न कागदांच्या रचनेत बसतच नाही. नापसंत रोलवर कारखान्याचे नाव आणि चिन्ह छापलेले असते. ते रोल परत गेले आणि बाहेर कोणाच्या हाती पडले तर नकली पाकिटे बनू शकतात, म्हणून अनेक खरेदीदार ते परत न देता पुरवठादाराच्या माणसासमोर कापून टाकणे पसंत करतात. तेव्हा नापसंती चिठ्ठी आहे, पण परतावा चिठ्ठी कधीच निघणार नाही. अशा वेळी "नापसंत माल" कोठारातून तो माल कोणत्या नोंदीने काढावा, आणि माल पुरवठादाराकडे पोचलेला नसताना त्याने क्रेडिट नोट मालपरतीच्या कारणाने काढावी की मालातील उणिवेच्या, यावर एकवाक्यता नाही. कलम ३४ मध्ये दोन्ही कारणे आहेत, म्हणून उणिवेचे कारण लिहून सोबत दोघांच्या सह्यांचे कापणीपत्र जोडणे सध्या सर्वांत सुरक्षित दिसते.

बदली मालाचा प्रश्नही तसाच लोंबकळत आहे. पुरवठादार क्रेडिट नोटेऐवजी तीन नवे रोल विनामूल्य म्हणून चलनावर पाठवतो, कोठीत ते साठ्यात येतात, पण देणे वाढत नाही. आधीची कपात झालेली असेल तर कारखान्याला माल फुकट मिळाल्यासारखे होते, आणि नसेल तर हिशेब जुळतो. नापसंती चिठ्ठीवर "बदली अपेक्षित" की "रक्कम वजा" यांपैकी एकावर खूण करण्याची जागाच बहुतेक छापील नमुन्यांत नसते, म्हणून कोणता मार्ग निघाला हे महिन्याने फक्त आठवणीवर ठरते.

आणि तिसरा, सर्वांत कमी लिहिला गेलेला प्रकार म्हणजे नापसंत ठरलेला माल गरजेपोटी नंतर सवलतीने घेतला जाणे. दिवाळीच्या तोंडावर फिल्म कमी पडली की सरकलेल्या छपाईचे तीन रोल दोन टक्के कमी दराने वापरायचे असे फोनवर ठरते, मशीन चालते आणि चिठ्ठी मात्र रद्द होत नाही. "नापसंत माल" कोठारात वहीप्रमाणे ५९.४ किलो पडून राहतात, जागेवर काहीच नसते, आणि ज्या दिवशी पुरवठादार त्यांचे पैसे मागतो त्या दिवशी तपासनिसाची सही असलेली नापसंती चिठ्ठी खरेदीदाराच्या हाती असते आणि तो माल मशीनवर चढवून वापरल्याने कलम ४२ प्रमाणे झालेली स्वीकृतीही त्याच्याच नावावर असते.